मक्यात नायसीन असूनही मका खाणाऱ्यांनाच पेलाग्रा का झाला?

शाहूपुरी_कट्टा

आमचा महिला बचत गट मक्याचं पीठ दळून विकतो. परवा पिठाचा तपासणी अहवाल आला, त्यात नायसीन हे जीवनसत्त्व १०० ग्रॅमला २.४ मिलीग्रॅम लिहिलंय. पॉलिश केलेल्या तांदळाचे छापील आकडे काढून बघितले तर तिथं दीड-पावणेदोनच दिसतं. म्हणजे कागदावर मका तांदळापेक्षा वरचढ. मग पाकिटावर "नायसीनचा चांगला स्रोत" छापावं असं गटात ठरत होतं.

पण वाचताना असं कळलं की नायसीन कमी पडल्यामुळं होणारा पेलाग्रा हा आजार बरोब्बर मका खाणाऱ्या मुलखातच पसरला होता. इटली, स्पेन, अमेरिकेचा दक्षिण भाग. हे कोडं काही सुटेना. अहवाल खोटा आहे की पुस्तक? जाणकारांनी सांगावं, म्हणजे छपाई थांबवायची की नाही ते ठरवता येईल.

कणीकोंडा

अहवाल खोटा नाही आणि पुस्तकही नाही. प्रयोगशाळेनं जे मोजलं ते दाण्यात आहे, पण आतड्याला मिळत नाही, एवढीच भानगड आहे.

मक्याचा दाणा उभा चिरा. बाहेर पारदर्शक साल, तिच्या आत अगदी पातळ असा एकाच पेशीचा थर, त्याच्या आत पिठूळ आणि काचेसारखा टणक गर, आणि टोकाकडं अंकुर. त्या मधल्या पातळ थराला ॲल्युरोन म्हणतात. मक्यातलं बरंचसं नायसीन तिथं बसलेलं असतं. बसलेलं म्हणजे सुटं नव्हे. नायसीन हे एक लहानसं आम्ल आहे, आणि त्या थरात ते लांबलचक साखरेच्या साखळ्यांना एस्टर बंधानं जोडलेलं असतं. काही साखळ्यांना प्रथिनांचे तुकडेही लटकलेले असतात. या जोडगोळीला नायासायटिन असं नाव पडलंय.

आता हा बंध तोडायचा कुणी? जठरातलं आम्ल तो फारसा तोडत नाही. आतड्यातल्या पाचकरसांनाही तिथं नीट हात घालता येत नाही. साखळी जशीच्या तशी पुढं सरकते आणि शौचावाटे बाहेर. हाच बंध चुन्यासारख्या अल्कलीत मात्र पटकन तुटतो. प्रयोगशाळेत एकूण नायसीन मोजायचं तर नमुना अल्कलीत किंवा तीव्र आम्लात तापवून आधी सगळं सुटं करून घेतात, मगच मोजतात. तुमच्या अहवालातले २.४ मिलीग्रॅम हे असं सक्तीनं सोडवून घेतलेलं आहे. तुमच्या गिऱ्हाइकाच्या पोटात असली सक्ती होत नाही.

रानवेडा

भारी. म्हणजे चुना टाकला की मक्यात नायसीन वाढतं! मेक्सिकोचे लोक म्हणूनच चुन्यात मका शिजवतात. पण मला एक कळंना, शरीर प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच नायसीन तयार करतं म्हणतात. मग मक्यात प्रथिनं आहेतच की, नऊ-दहा टक्के. त्यातनं होऊ दे तयार. नायसीन बांधलेलं असलं तरी काय बिघडलं?

कणीकोंडा

रानवेडा, निम्मं बरोबर. वाढत नाही, सुटतं. दाण्यात जेवढं होतं तेवढंच राहतं, उलट धुताना थोडं पाण्यात जातं.

ट्रिप्टोफॅनचा मुद्दा मात्र तुम्ही योग्य काढलात, कारण खरी गाठ तिथंच आहे. नायसीन बांधलेलं असणं हा दुष्काळातला पहिला हप्ता. दुसरा हप्ता प्रथिनांचा. मक्याच्या गरातलं मोठं प्रथिन म्हणजे झाइन, आणि झाइनमध्ये ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतंच. अंकुरात बरं प्रथिन असतं, पण अंकुर लहान आणि तेलकट. बाकी काही नसताना १०० ग्रॅम मक्यात ट्रिप्टोफॅन ६०-७० मिलीग्रॅमच्या आसपास निघतं. शरीर साधारण ६० मिलीग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून १ मिलीग्रॅम नायसीन बनवतं असा हिशोब धरतात, म्हणजे १०० ग्रॅम मक्यामागं जेमतेम एक मिलीग्रॅम.

त्यातही हा हिशोब थोडा हात सैल सोडून मांडलेला आहे. ट्रिप्टोफॅन कमी असलं की शरीर आधी स्वतःची प्रथिनं बांधायला ते वापरतं, उरलं तर नायसीन. शिवाय हे रूपांतर व्हायला बी-६ आणि रायबोफ्लेविन लागतं, आणि ज्याच्या ताटात फक्त मका आहे त्याच्याकडं तीही तुटपुंजीच असणार.

सुईदोरा

हिशोब पूर्ण मांडून दाखवाल का? माझं डोकं आकड्यांशिवाय चालत नाही. दिवसाला अर्धा किलो मका धरा, आणि सोबत काहीच नाही.

कणीकोंडा

मांडतो. मोठ्या माणसाला रोज साधारण १६ मिलीग्रॅम लागतं, बाईमाणसाला १४. यात नायसीन आणि ट्रिप्टोफॅनमधनं होणारं दोन्ही धरलेलं आहे.

अर्धा किलो मका, म्हणजे ट्रिप्टोफॅन सव्वातीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. भागिले ६०, म्हणजे सुमारे साडेपाच. आता कागदावरचं नायसीन: २.४ गुणिले ५, म्हणजे १२ मिलीग्रॅम. त्यातलं उदार मनानं पाव भाग शरीराला मिळतो असं धरलं तर ३. बेरीज साडेआठ. निम्म्याच्या आसपास घोटाळते. रोज इतकं कमी पडत राहिलं की महिन्यांत हिशोब चामडीवर दिसायला लागतो.

आता चुन्यातून काढलेला मका. १२ पैकी धुण्यात थोडं गेलं, १० राहिले म्हणू. साडेपाच अधिक दहा, साडेपंधरा. बघा, बाकी ताट तेच, आणि माणूस काठावर आला. मेक्सिकोत याच्या जोडीला घेवड्याची उसळ असायची. एक वाटी घेवडा आला की काठावरून आत येतो.

पुढचा भाग आपल्या लोकांना आवडेल. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ५० ग्रॅम. त्यात नायसीनच सहाएक मिलीग्रॅम, वर ट्रिप्टोफॅनमधून दोनेक. म्हणजे चुना न लावता नुसते शेंगदाणे खाल्ले तरी साडेआठचे साडेसोळा झाले.

धान्यकोठार

शेंगदाण्याचा आकडा ऐकून एक प्रकरण आठवलं, पुस्तकी आहे पण या धाग्याला अगदी फिट. १९८० च्या दशकाअखेर मोझांबिकमधून लाखो निर्वासित मलावीत आले होते. त्यांना मिळणाऱ्या रेशनमध्ये मुख्य मका, आणि नायसीनचा मोठा आधार होता शेंगदाण्यांचा. १९८९ मध्ये शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला. १९९० मध्ये पेलाग्राची लाट आली, नोंदलेले रुग्ण सुमारे १८ हजार. मका तोच, माणसं तीच, फक्त शेंगदाणे गेले. रेशनचं पत्रक लिहिणाऱ्याला बहुधा शेंगदाणा म्हणजे तेल आणि उष्मांक वाटत असणार. ताटातली एक वस्तू कशासाठी आहे हे माहीत नसताना ती काढली की काय होतं ते बघा.

म्हैसवाला_पन्हाळा

आमच्याकडं म्हशींना मक्याचा मुरघास आणि भरडा रोज जातो. मग चुना घालायला लागतोय का? भरड्यात चुना घालून शिजवायला बसलो तर गॅसच परवडणार न्हाई.

कणीकोंडा

नको ओ, म्हशीला घालू नका. तुमचा मुद्दा वेगळा आहे. म्हशीच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव स्वतः नायसीन बनवतात आणि ते तिला मिळतं. साध्या भरड्यावर तिला पेलाग्रा होत नाही.

कोंबडीचं मात्र माणसासारखं आहे. पक्ष्याच्या खाद्यात मका निम्म्याहून जास्त असतो, आणि तो बांधलेलं नायसीनच घेऊन येतो. म्हणून खाद्य बनवणारे मक्यातलं नायसीन हिशोबात जवळजवळ शून्य धरून वेगळं नायसीन टाकतात. कोंबडीसाठी ही सावधगिरी रोज घेतली जाते आणि माणसाच्या पाकिटावर २.४ छापायला निघतात, ही गंमतच.

शाहूपुरी_कट्टा

ऐकून घेतलं, छपाई थांबवली. एक शंका राहिली. मका अमेरिकेतून आला, तिथल्या लोकांना हजारो वर्षं काही झालं नाही. स्पेनला आल्यावर एकदम का झालं? चुन्याची पद्धत सोबत आणली नाही का कुणी?

इतिहासाची_वही

बरोबर तेच. बियाणं जहाजात चढलं, रांधायची रीत चढली नाही. युरोपात दाणा थेट दळून पोलेंटासारखी लापशी करायला लागले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं धान्य म्हणजे गहू-बाजरी, दळा आणि शिजवा. त्यांना चुना घालायचं कारणच दिसत नव्हतं. साल नरम करायला करतात अशी समजूत झाली असेल, तर ती अर्धीच खरी.

आजाराची पहिली नीट नोंद स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या वैद्यानं १७३५ मध्ये केली. मानेभोवती उन्हानं भाजल्यासारखा पट्टा दिसतो, त्याला अजून कासालचा हार म्हणतात. पेलाग्रा हे नाव १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोलीनं छापलं. इटालियन बोलीत ते खरखरीत कातडीला म्हणतात. तिथल्या शेतमजुरांना हे वसंतात जास्त व्हायचं. थंडीभर मक्यावर काढायचं आणि मग उन्हात शेतात उतरायचं. उणीव हिवाळ्यात, फुटतं उन्हात.

रानवेडा

वसंतात जास्त होतं म्हणजे ओल लागून बुरशी येत असेल. पावसाळ्यात आपल्या मक्याला पण काळी-हिरवी बुरशी येतेय. कदाचित नायसीन-बियासीन काही नसून विषारी मकाच असेल? अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला.

इतिहासाची_वही

तुम्ही नवा प्रश्न विचारला नाही, जुना विचारलात. १९ व्या शतकात इटलीतल्या लोम्ब्रोसोचा हाच सिद्धांत होता, की खराब झालेल्या मक्यातलं विष. कित्येक सरकारी उपाय त्यावर आधारले गेले, मका वाळवण्याच्या भट्ट्यासुद्धा. बुरशीचा मका वाईटच, ते वेगळं. पण त्यानं पेलाग्रा होत नाही.

हे गोल्डबर्गर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं पक्कं दाखवलं. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या रँकिन इथल्या तुरुंगाच्या शेतावर त्यानं कैद्यांना ठरावीक आहार दिला: मका, मैदा, पॉलिश तांदूळ, साखर, पाक, थोड्या भाज्या. मांस, दूध काही नाही. माफीच्या अटीवर कैदी तयार झाले. सुमारे सहा महिन्यांत ११ पैकी ६ जणांना लक्षणं दिसली. मग लोक म्हणाले, हा संसर्ग असेल. तर १९१६ मध्ये तो, त्याची बायको आणि सहकारी यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, आणि त्यानं व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कातडीचे खपले कणकेच्या गोळ्यांत घालून गिळले. कुणाला काही झालं नाही.

सुईदोरा

खपले गिळले?! जेवताना वाचतेय हो.

इतिहासाची_वही

सॉरी. पण याच माणसाची खरी अडचण पुढची होती. त्यानं बघितलं की दूध, अंडी, मांस दिलं की आजार जातो. यीस्टनंही जातो. म्हणजे या सगळ्यांत काहीतरी एकच जीवनसत्त्व आहे असं त्याला वाटत होतं. त्यावर दुधानं पाणी फेरलं. १९३७ मध्ये एल्व्हेह्येम या शास्त्रज्ञानं काळी जीभ, म्हणजे कुत्र्यांचा पेलाग्रा, झालेल्या कुत्र्यांवर नायसीन चालतं हे दाखवल्यावर लोकांनी दुधात नायसीन मोजलं, तर काहीच नाही, १०० मिलीला ०.१ मिलीग्रॅम. मग दूध उपयोगी कसं? १९४५ मध्ये ट्रिप्टोफॅनचा दुवा सापडला आणि गाठ सुटली. दुधाच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन भरपूर. अर्धा लिटरमधून साडेतीन-चार मिलीग्रॅम नायसीन होतं, दुधात स्वतःचं नगण्य असलं तरी. गोल्डबर्गर १९२९ मध्येच गेला, त्याला हे पाहायला मिळालं नाही.

कागलकर_आण्णा

मग आपल्या कोल्हापुरात पेलाग्रा का नव्हता ते आता कळलं. आपला माणूस भाकरी खातो ती ज्वारीची, वर दूध-दही, शेंगदाण्याची चटणी, आठवड्यात एकदा मटण. मका म्हणजे रंकाळ्यावर भाजलेलं कणीस नाहीतर जनावराचं. ज्वारी सुरक्षित!

वारणेकाठ

आण्णा, ज्वारीला एवढं सोडून देऊ नका. हैदराबादच्या पोषण संस्थेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी तेलंगणातल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांतला पेलाग्रा नोंदवला होता, १९६० च्या आसपास. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणजे वरच्या हिशोबानं अर्धा किलो ज्वारीतून दहाएक मिलीग्रॅम व्हायला पाहिजे. तरी लोक आजारी. त्यावर त्यांनी ल्युसिनचा मुद्दा मांडला: ज्वारीत ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल खूप, ते जास्त झालं की ट्रिप्टोफॅनचं नायसीनमध्ये रूपांतर बिघडतं. कुत्र्यांवर आणि माणसांवर त्यांनी तसं दाखवलं.

कणीकोंडा

बरोबर, पण तो मुद्दा सुटलेला नाही. नंतर दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तर काहींना परिणाम दिसला, काहींना नाही. बी-६ किती मिळतं यावर ते अवलंबून असावं असंही एक मत आहे. मला वाटतं ज्वारीच्या बाबतीत ताटातलं दारिद्र्य हे ल्युसिनपेक्षा मोठं कारण असावं, कारण ज्वारी-डाळ-दूध खाणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रात तो आजार दिसत नाही. पण ल्युसिनचा धसका पूर्ण फेकून द्यावा असंही मी म्हणणार नाही.

वारणेकाठ

मी फेकणार नाही. गरिबीनं सगळं समजावलं तर मग तांदूळ खाणाऱ्या गरिबांत तो तसा का नव्हता? तांदळाचं प्रथिनही फार नाही.

कणीकोंडा

तिथं माझ्याकडंही ठोस उत्तर नाही. तांदळात ट्रिप्टोफॅन मक्यापेक्षा थोडं जास्त, आणि तांदळाबरोबर बहुधा मासा किंवा डाळ असते. उकडा तांदूळ असेल तर कोंड्यातली जीवनसत्त्वं आत गेलेली असतात. यातलं कुठलं किती, यावर वाद चालू देत.

नणंदबाई

थोडं बाजूला जातेय, रागवू नका. सासरे क्षयाच्या गोळ्या घेतायत, आणि मनगटावर, मानेला काळपट खरखरीत डाग पडलेत. मका ते खात नाहीत. हेच असेल का?

वारणेकाठ

ताई, अगदी असंबद्ध नाही. क्षयाच्या गोळ्यांत आयसोनियाझिड असतं, ते बी-६ ला अडवतं, आणि बी-६ कमी पडलं की ट्रिप्टोफॅनमधून नायसीन होत नाही. त्यामुळं मका न खाताही तसं होऊ शकतं. दोन्ही हातांवर सारख्याच जागी आहे का, उन्हातल्या भागांवरच आहे का, जुलाब किंवा चिडचिड-विसराळूपणा आहे का, ते बघून गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना आजच दाखवा. गोळ्या मात्र स्वतः बंद करू नका. इथं कुणी फोटो बघून सांगू नये.

शाहूपुरी_कट्टा

धन्यवाद सगळ्यांना. मग आम्ही पीठ चुन्यातून काढूनच का विकू नये? रीत नीट लिहाल का, प्रमाणासकट? पानाचा चुना चालतो का?

मसाला_आणि_जातं

रीत मी लिहिते, माझं रोजचं काम हेच.

एक किलो वाळलेला, अख्खा मका. तीन लिटर पाणी. विझवलेला चुना, कोरडी भुकटी असेल तर १० ग्रॅम. पानाचा खायचा चुना घेणार असाल तर त्यात निम्मं पाणी असतं, म्हणून २० ग्रॅम. सुगंधी किंवा रंगवलेला नको, आणि भिंतीचा तर मुळीच नको. कळीचा चुना म्हणजे न विझवलेला, तो पाण्यात टाकला की उकळतो आणि तोंडावर उडतो, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं नको, चुना ते खातो, पाणी काळं होतं आणि धातू मक्यात येतो.

चुना आधी थोड्या पाण्यात कालवून मग सगळ्या पाण्यात. मका टाकून मंद उकळीला आणा, ४० मिनिटं. गॅस बंद, झाकण, रात्रभर तसंच, १० ते १२ तास. सकाळी मका गडद पिवळा झालेला दिसतो. पांढऱ्या मक्यालाही पिवळी झाक येते. दाणा दोन बोटांत चोळा, साल जेलीसारखी सुटून बोटाला चिकटली पाहिजे. मग दाणा चिरा. बाहेरचा गर मऊ आणि मध्यभागी अगदी बारीक पांढरा टणक ठिपका राहिला असेल तर झालं. मध्ये मोठा कोरडा भाग दिसला तर अजून दोन तास. पूर्ण मऊ पडला तर पीठ चिकट होणार.

धुवायचं दोनदा, जास्त नाही. सुटलेलं नायसीन पाण्यात विरघळतं, खळाखळा पाच-सहा वेळा धुतलं तर कष्ट गटारात. चुन्याचं पाणी पिकाला घालू नका, झाडं करपतात.

रानवेडा

नायसीन सुटायला एवढं कशाला? तयार पिठातच चिमूटभर चुना घालून मळलं तर? आणि जास्त चुना टाकला तर लवकर होईल.

मसाला_आणि_जातं

पिठात घालून लगेच थापलं तर चुना आणि कोंड्याच्या थराची गाठ फार थोडा वेळ पडते. काही सुटेल, किती ते सांगता यायचं नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. शिवाय भाकरी पिवळी, वासाची होते.

जास्त चुन्याचं ऐका. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. तीन लिटरमध्ये पाचएक ग्रॅम विरघळतो, बाकी तळाशी बसतो आणि दाण्यात चुना जात राहील तसा वर येत राहतो. म्हणून १० ग्रॅम पुरतात. ५० टाकलात तर पाणी जास्त तीव्र होत नाही, नुसता दाण्याला चुना चिकटतो आणि भाकरी कडसर लागते, जीभ कोरडी पडते. आणि याच्या उलट, चुन्याची निवळी तेवढी घेतली तर तिच्यात साठा नसतो, विरघळलेला पाचएक ग्रॅम चुना मका शोषून घेतो आणि साल सुटत नाही.

खायचा सोडाही विचारतात. तो फार सौम्य आहे. दाणा मऊ होईल, साल नीट सुटणार नाही.

सुईदोरा

आणि दळायचं कुठं? ओला मका गिरणीवाला घेणार नाही.

मसाला_आणि_जातं

घेणारच नाही, चक्कीला चिकटतो. ताजं हवं तर ओल्या ग्राइंडरमध्ये थोडंच पाणी घालून वाटा. त्या कणकेची भाकरी थापताना फुटत नाही, कारण वरचा स्टार्च शिजलेला असतो. साधं मक्याचं पीठ गरम पाण्यात मळूनही कडा चिरतातच ना, तोच फरक. विकायचं असेल तर दाणे उन्हात कडक वाळवून मगच गिरणीला द्या. आत ओल राहिली तर पाकिटात बुरशी येते, मग रानवेडांचा लोम्ब्रोसो खरा ठरायचा.

कागलकर_आण्णा

आणि रंकाळ्यावरचं भाजकं कणीस? त्याला चुना कोण लावतंय?

कणीकोंडा

आण्णा, दुधाळ कोवळ्या दाण्यात नायसीन पक्क्या दाण्यापेक्षा जास्त सुटं असतं, पिकताना ते बांधलं जातं. आणि लिंबू-तिखट लावलेलं एक कणीस तुमच्या ताटाचा मुख्य भाग नाही. खा.

शाहूपुरी_कट्टा

काल पहिली किलोभर खेप केली. चाळीस मिनिटं आणि बारा तासांनीसुद्धा साल अर्धवटच सुटली. दाणे चकचकीत, काचेसारखे, जनावराला घालतात तोच मका होता. चुना पानटपरीवरचा, २० ग्रॅम. काय चुकलं?

मसाला_आणि_जातं

दोन गोष्टी असू शकतात. टणक, काचेचा दाणा पाणी हळू पितो, त्याला शिजवायची वेळ तासाभरापर्यंत वाढवा. पण आधी चुना तपासा. उघड्या डबीतला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन नुसता खडू होतो, त्याचा काही उपयोग नाही. थोडा चुना पेल्यात पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी निवळलेल्या पाण्यात नळीनं हलकेच फुंका, तोंडात ओढू नका. दुधासारखं गढूळ झालं तर चुना जिवंत आहे. नाही झालं तर ताजा चुना आणा.

शाहूपुरी_कट्टा

फुंकून बघितलं, पाणी जवळजवळ स्वच्छच राहिलं. उद्या बंद डबीतला नवा आणते, आणि तोच मका परत, तासभर.